बॉन्ड दोन वर्षांचा, पण मोजायचा कधीपासून?

प्लेसमेंट सीझन आला की सगळ्यांचं लक्ष पॅकेजवर. सीटीसी वेगळा आणि इनहँड वेगळा हे आता पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहितीये, त्यामुळे ते फार उगाळत नाही. मला बोलायचंय बॉन्डमधल्या एका ओळीबद्दल, कारण माझी आणि माझ्या बॅचमधल्या बऱ्याच जणांची गाडी तिथेच अडकली होती आणि अजूनही ज्युनियर्सचे मेसेज येतात ते नेमके त्याच ओळीवरून.

आमच्याकडे कंपनी आली तेव्हा प्रेझेंटेशनमध्ये सांगितलं, सहा महिने ट्रेनिंग, त्यात 15,000 स्टायपेंड, नंतर 4.8 लाखाचं पॅकेज आणि दोन वर्षांचा बॉन्ड, मोडला तर दीड लाख. ऐकायला सरळ वाटतं ना? सगळ्यांनी मनात हिशोब केला की जॉइन झाल्यापासून दोन वर्षं, त्यातले सहा महिने ट्रेनिंगमध्येच जातील, राहिलं दीड वर्ष, काढू कसंतरी. पण खरा बॉन्ड प्रेझेंटेशनमध्ये नसतो. लेटर ऑफ इंटेंटमध्ये त्याचा एका ओळीत उल्लेख असतो, ऑफर लेटरमध्ये 'कंपनीच्या नियमांप्रमाणे' असतं, आणि खरा कागद म्हणजे सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंट हातात येतं जॉइनिंगच्या दिवशी, स्टॅम्प पेपरवर, जामीनदार म्हणून वडिलांच्या सहीसकट. तोपर्यंत कॉलेजच्या 'एक विद्यार्थी एक ऑफर' नियमामुळे तुम्ही बाकीच्या कंपन्यांमधून बाद झालेले असता, मग कोण वाचतंय आणि वाचून करणार काय.

त्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलं होतं की बॉन्डचे 24 महिने 'डेट ऑफ कन्फर्मेशन'पासून मोजले जातील. जॉइनिंगपासून नाही. आणि कन्फर्मेशन म्हणजे काय तर ट्रेनिंगनंतरची असेसमेंट पास होणं अधिक कंपनीने लेखी लेटर देणं, आणि पास नाही झालात तर ट्रेनिंग अजून तीन महिने वाढवता येईल, त्याच स्टायपेंडवर.

आता हे तारखा टाकून बघा, कारण नुसतं वाचून लक्षात येत नाही. जॉइनिंग 1 जुलै 2022. ट्रेनिंग संपलं 31 डिसेंबरला. असेसमेंटमध्ये एक मॉड्यूल राहिलं म्हणून एक्स्टेन्शन, 31 मार्च 2023 पर्यंत. कन्फर्मेशन 1 एप्रिल 2023. म्हणजे बॉन्ड संपणार 31 मार्च 2025 ला. आपल्या डोक्यात तारीख असते 30 जून 2024. दोन वर्षांचा बॉन्ड प्रत्यक्षात 33 महिन्यांचा झाला. आणि यात कंपनीने काही फसवलं असंही म्हणता येत नाही, सही आपलीच असते.

पगाराचं पण तसंच, कन्फर्मेशन लांबलं की तोही लांबतो. 4.8 लाखातले 60,000 रिटेन्शन बोनस होते, जो बॉन्ड पूर्ण झाल्यावरच मिळणार, 40,000 व्हेरिएबल, शिवाय कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, इन्शुरन्स हे सगळं त्यातच. हातात महिन्याला साधारण 26,500. सहा महिन्यांत कन्फर्म झालेल्याला पहिल्या वर्षात हातात आले अंदाजे 2.49 लाख, आणि एक्स्टेन्शन लागलेल्याला 2.14 लाख. दोघांच्याही नावापुढे कॉलेजच्या बोर्डवर 4.8 च लिहिलेलं. टीपीओ सरांना याबद्दल विचारून उपयोग नाही हे माझं स्पष्ट मत आहे, माणूस चांगला असतो पण त्यांचं काम ऑफर मोजणं, कलमं वाचणं नाही.

सर्वात डेंजर सल्ला देतात ते सीनियर्स. 'बॉन्ड कोर्टात टिकत नाही रे, बिनधास्त सोड.' अर्धवट खरं आहे म्हणून जास्त धोकादायक. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 74 प्रमाणे कंपनीला लिहिलेली अख्खी रक्कम आपोआप मिळत नाही, वाजवी भरपाई मिळते आणि लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. पण मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दलची 2 लाखांची अट वैध धरली. माणसाने पैसे भरून मग दाद मागितली होती, हायकोर्टात जिंकला आणि वर हरला. ती सरकारी बँक होती, तो सीनियर मॅनेजर होता, फ्रेशर नव्हता, त्यामुळे तोच निकाल जसाच्या तसा प्रत्येक खासगी कंपनीच्या ट्रेनीला लागेल असं नाही, पण 'टिकतच नाही' म्हणणाऱ्याला गप्प करायला पुरेसा आहे. आणि खरं तर कोर्टापर्यंत गोष्ट जातच नाही. रिलीव्हिंग लेटर अडकतं, फुल अँड फायनल म्हणजे पैशाचा शेवटचा हिशोब अडकतो, आणि पुढच्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन तिथेच थांबतं. न सांगता गायब व्हायचा शॉर्टकट तर अजिबात नको.

घाबरू नका पण. ट्रेनिंग नीट देणाऱ्या कंपनीत दोन वर्षं काढणं वाईट नसतं, आमच्यातले बरेच जण आज चांगल्या जागी आहेत. कोणी जबरदस्तीने कामावर बसवून ठेवू शकत नाही, प्रश्न फक्त पैशाचा आणि कागदांचा. फक्त ओरिजिनल मार्कशीट किंवा सही केलेला कोरा चेक मागितला तर तिथे मात्र थांबा. चेक बाऊन्स झाला की प्रकरण फौजदारी होऊ शकतं, ती वेगळीच डोकेदुखी.

विचारायची वेळ म्हणजे ऑफर स्वीकारायच्या आधी, आणि विचारायचं ईमेलवर, फोनवर नाही. फोनवर एचआर गोड बोलतात, उद्या ती व्यक्ती तिथे नसते. दोन-तीन ओळी पुरतात. बॉन्ड कोणत्या तारखेपासून मोजणार. एक्स्टेन्शन जास्तीत जास्त किती आणि तो काळ बॉन्डमध्ये धरणार का. मध्येच सोडलं तर रक्कम उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात कमी होते का पूर्णच भरायची. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, आमच्याकडे प्रमाणात नव्हती, म्हणजे 23 महिने झालेल्यालाही दीड लाखच. सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंटचा मसुदा आधी मागा, काही कंपन्या देतात. नाही दिला तर जॉइनिंगच्या दिवशी पंधरा मिनिटं वेळ मागून तिथेच वाचा, मागे लाइन लागलेली असेल तर लागू दे.

आणि नोटीस पीरियडचं कलम बॉन्डच्या कलमाशेजारी ठेवून वाचा. आमच्यात होतं की राजीनामा बॉन्ड पूर्ण झाल्यावरच देता येईल, आणि नोटीस 90 दिवसांची. म्हणजे वरच्या हिशोबात 31 मार्च 2025 ला सुटका नाही, 1 एप्रिलला राजीनामा आणि शेवटचा दिवस 29 जून. काही कंपन्यांत नोटीस बॉन्डच्या आतच देता येते, तिथे शेवटचा दिवस बॉन्डच्या तारखेला आणता येतो. पुढच्या कंपनीला जॉइनिंगची तारीख सांगायच्या आधी यातलं आपल्याला कोणतं लागू आहे ते बघा, नाहीतर ती ऑफरपण जाते.