दप्तराचं रेनकव्हर: दरवर्षी होणाऱ्या या चुका टाळा

रेनकव्हर घातलं म्हणजे दप्तर कोरडं राहणार, हा समज आधी सोडा. कव्हर झाकतं ती दप्तराची पुढची बाजू. पट्ट्यांकडची, मुलाच्या पाठीला टेकणारी बाजू उघडीच असते.

आमच्या शेजारची चौथीतली मुलगी गेल्या जुलैत भिजलेली पुस्तकं घेऊन आली. कव्हर नवं आणि महागातलं होतं, त्यामुळे आई दुकानदारावर चिडली होती. मी दप्तर उघडून पाहिलं, तर पुढच्या कप्प्यातली कंपासपेटी कोरडी होती आणि पाठीकडची पुस्तकं ओली. म्हणजे पाणी कव्हरमधून आलंच नव्हतं. रेनकोट अंगात आणि दप्तर त्याच्यावरून अडकवलेलं, त्यामुळे टोपीवरून ओघळलेलं पाणी सरळ पाठ आणि दप्तर यांच्या फटीत जात होतं. तिथला फोम पाणी शोषतो आणि शाळा सुटेपर्यंत पुस्तकांना देत राहतो. शिवाय कव्हरच्या तळाला भोक नसल्याने खाली पाणी साचलं होतं आणि दप्तर त्यातच उभं होतं.

उपाय सोपा आहे, पण रोज करावा लागतो. दप्तरावरून घालता येईल असा, पाठीला फुगा असलेला रेनकोट घ्या. पुस्तकांच्या कप्प्यात आधी एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी बसवा, पुस्तकं तिच्यात ठेवा, तोंडाला दोन-तीन घड्या घालून कपड्यांचा चिमटा लावा. मी या पिशवीवर कव्हरपेक्षा जास्त भरवसा ठेवते. घाईत नुसतं तोंड मुरगळून ठेवणाऱ्यांनी नंतर तक्रार करू नये. वर्गात पोचल्यावर कव्हर काढून झटकायला मुलांना शिकवा.

कव्हर घेताना रिकामं दप्तर नेऊ नका. डबा, वह्या, पुस्तकं भरून न्या. कव्हर ताणून बसत असेल तर एक माप मोठं घ्या, नाहीतर चालताना इलॅस्टिक वर सरकतं. नवं कव्हर घरी आणल्यावर ते गळतं का हे बघायला त्याचं तोंड वर धरून त्यात तांब्याभर पाणी ओता आणि तसंच दहा मिनिटं टांगा. थेंब बहुतेक वेळा शिवणीतून येतात, कारण सुईची भोकं उघडी असतात. आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेलं कव्हर म्हणूनच बरं.

मेणबत्ती घासणं, स्प्रे मारणं हे झटपट उपाय मला पटत नाहीत. कापडावर पाणी काही दिवस मोत्यासारखं घरंगळतं, पण चेन आणि शिवण गळायची ती गळतेच.

पाण्याची बाटली आणि ओली छत्री पुस्तकांच्या कप्प्यात कधीच नको.

कव्हर ओलं घडी करून ठेवू नका, इस्त्री लावू नका. आतला मुलामा चिकट झाला किंवा त्याचे पापुद्रे सुटू लागले, तर नवं कव्हर आणा.