अंतर्गत समितीचा निष्कर्ष-सारांश: एका परिच्छेदाची दुरुस्ती

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या 2013 च्या कायद्याखाली अंतर्गत समितीवर नव्याने आलेल्या सदस्यांना सुनावणीपेक्षा अहवाल जड जातो. चौकशी 90 दिवसांत संपवायची आणि ती संपल्यापासून 10 दिवसांत अहवाल मालकाकडे द्यायचा, त्यामुळे निष्कर्षाचा भाग बहुतेकदा घाईत लिहिला जातो. पुढे अपील झाले की सगळ्यात आधी हाच भाग वाचला जातो, आणि तक्रारदार व प्रतिवादी दोघांच्याही मनात तो वर्षानुवर्षे राहतो.

एक काल्पनिक पण नेहमीच्या धाटणीचा मसुदा पाहा: "प्रतिवादीने तक्रारदार महिलेला रात्री-अपरात्री घाणेरडे मेसेज पाठवून छळले. नकार मिळाल्यावर सूड म्हणून तिचे मूल्यांकन खाली आणण्याची धमकी दिली. महिलेने दोन महिने तक्रार का केली नाही हे अनाकलनीय असले तरी आरोपीचे वर्तन निर्लज्जपणाचे आहे."

यात दोन वेगळे आरोप एकत्र कालवले आहेत आणि एकाही वाक्याला पुरावा जोडलेला नाही. 'आरोपी' हा फौजदारी खटल्यातला शब्द आहे. इथे तो चालत नाही. 'घाणेरडे', 'निर्लज्ज' हे समितीचे मत झाले. मेसेजमध्ये नेमके काय लिहिले होते, ते वाचणाऱ्याला कळतच नाही. शेवटच्या वाक्यात तर दोघांवरही ताशेरे आहेत. तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत आली असेल, तर उशिराची चर्चा निष्कर्षात आणायचे कारणच नाही. मुदत वाढवून दिली असेल तर तिची कारणे वेगळी नोंदवायची, तीही तक्रारदाराने सांगितलेली.

दुरुस्ती करताना आधी आरोप सुटे करावेत. मग प्रत्येक आरोपाखाली चारच गोष्टी, त्याच क्रमाने: तक्रारदाराचे म्हणणे, प्रतिवादीचे म्हणणे, पुरावा, निष्कर्ष. तोच मजकूर मग असा होतो:

"आरोप 1. 18 मार्च रोजी रात्री 11.42 वाजता प्रतिवादीने तक्रारदारास 'एकटी ये, कोणाला सांगू नकोस' असा मेसेज पाठवला (पुरावा 3). मेसेज आपणच पाठवल्याचे प्रतिवादीला मान्य आहे. तो कामासंदर्भात होता असे त्यांचे म्हणणे आहे (जबाब, पान 2). त्या आठवड्यात दोघांचे कोणतेही सामाईक काम नव्हते, असे कामवाटपाच्या नोंदीतून दिसते (पुरावा 7). तक्रारदाराने 19 मार्चला 'असे मेसेज नकोत' असे कळवल्यानंतरही 22 मार्चला त्याच आशयाचा मेसेज आला (पुरावा 4). शक्यतांचे पारडे पाहता आरोप सिद्ध होतो.

आरोप 2. मूल्यांकन खाली आणण्याची धमकी 20 मार्चला फोनवर दिली गेली, असे तक्रारदाराचे म्हणणे आहे. प्रतिवादीला ते अमान्य आहे. कॉलची नोंद आहे (पुरावा 5), पण संभाषणाचे रेकॉर्डिंग नाही आणि साक्षीदारही नाही. मूल्यांकन 3 मार्चलाच अंतिम झाले होते (पुरावा 9). उपलब्ध पुराव्यावरून हा आरोप सिद्ध होत नाही."

दुसऱ्या आरोपात 'खोटा' हा शब्द कुठेही नाही, आणि तो येऊही नये. केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही, हे कायद्याच्या कलम 14 मध्येच लिहिले आहे. दुष्ट हेतूने तक्रार केली असे म्हणायचे असेल, तर त्याची स्वतंत्र चौकशी होऊन ते सिद्ध व्हावे लागते. तसेच 'सिद्ध होत नाही' म्हणजे प्रतिवादीवर संशयाचा शेरा मारायची मोकळीक नव्हे. 'तरीही समितीला शंका वाटते' असले शेपूट कापून टाकावे.

'माझा तसा हेतू नव्हता' हे प्रतिवादीचे म्हणणे जसेच्या तसे नोंदवावे, पण निष्कर्ष त्यावर टेकवू नये. कायद्यात महत्त्व आहे ते वर्तन नकोसे होते की नाही, याला. म्हणूनच 19 मार्चचा नकार वरच्या परिच्छेदात तारखेसह आला आहे. स्पष्ट नकार नसेल, तर वर्तन नकोसे होते हे कशावरून ठरवले, ते लिहावे लागते. गप्प बसणे म्हणजे संमती, असे धरून चालू नये.

मसुदा झाला की प्रत्येक पुरावा क्रमांकापुढे एक खूण करावी: हा कागद दोन्ही बाजूंना दाखवला होता का? न दाखवलेल्या कागदावर बेतलेला निष्कर्ष नैसर्गिक न्यायाच्या कसोटीवर पडतो, मग तो कितीही खरा असो. पुरावा 7 मनुष्यबळ विभागाने सुनावणी संपल्यावर पाठवला असेल, तर सारांश बाजूला ठेवून तो आधी दोघांना द्यावा आणि त्यांचे म्हणणे घ्यावे. दोघेही कर्मचारी असतील तर निष्कर्षाची प्रतही दोघांना मिळते, म्हणजे त्यांना समितीपुढे त्यावर बाजू मांडता येते. हे दिवस वेळापत्रकात आधीच धरून ठेवावेत.

साक्षीदारांची नावे सारांशात न घालता 'साक्षीदार 1', 'साक्षीदार 2' असे लिहावे आणि नावांची यादी बंद पाकिटात समितीकडे ठेवावी. शिफारस मात्र निष्कर्षात मिसळू नये. ती वेगळ्या शीर्षकाखाली, फक्त सिद्ध झालेल्या आरोपापुरती. एखाद्या सदस्याचे मत वेगळे असेल तर तेही कारणांसह, त्याच सदस्याच्या सहीने जोडावे.