एसव्हीजी फाइल फोटो म्हणून का चढत नाही, आणि तिची पीएनजी कशी काढायची

गणपती जवळ आले की बडोद्यात मंडळांची धावपळ सुरू होते, आणि तीत एक काम हमखास अडतं: मंडळाचं चिन्ह कुठेतरी अपलोड करायचं असतं. कधी परवानगीचा ऑनलाइन अर्ज असतो, कधी व्हॉट्सअॅप ग्रुपचा फोटो, कधी फेसबुक पेज. चिन्ह तयार असतं, कुणा हौशी मुलाने इंकस्केपमध्ये छान काढून दिलेलं असतं, पण फाइलच्या नावाशेवटी `.svg` असतं. फोटो निवडायला गेलं तर ती फाइल यादीत दिसतच नाही, किंवा दिसली तरी "हा प्रकार चालत नाही" असा निरोप येतो. मग कुणीतरी नाव बदलून `.png` करून बघतो. तेही चालत नाही.

कारण कळण्यासाठी ती फाइल एकदा नोटपॅडमध्ये उघडून पाहा. चित्राऐवजी असं काहीतरी दिसेल:

```
<svg xmlns="http://www.w3.org/2000/svg" viewBox="0 0 100 100">
  <circle cx="50" cy="50" r="40" fill="orange"/>
</svg>
```

हे केशरी वर्तुळ आहे. खरं तर वर्तुळ कसं काढायचं याची कृती आहे: मध्य इथे, त्रिज्या एवढी, रंग हा. काढण्याचं काम ज्याच्याकडे फाइल जाईल त्याने करायचं. म्हणून तर एसव्हीजी कितीही मोठी केली तरी फाटत नाही. पीएनजीत अशी कृती नसते, तिच्यात प्रत्येक ठिपक्याचा रंग साठवलेला असतो. पीएनजी फाइलीची सुरुवात ठरलेल्या आठ बाइटांनी होते. बहुतेक ठिकाणी नावाबरोबर ही सुरुवातही तपासतात, त्यामुळे नाव बदलून फसवणूक जमत नाही.

पण ब्राउझरला एसव्हीजी दाखवता येते, मग साइटला ती घ्यायला काय हरकत आहे? दोन अडचणी आहेत, आणि पहिली सुरक्षेची. एसव्हीजी हा एक्सएमएल मजकूर असल्यामुळे त्यात आकारांबरोबर `<script>` सुद्धा लिहिता येतो. ती फाइल वेबपानावर चित्र म्हणून लावलेली असेल तर ब्राउझर तो चालवत नाही. पण कुणी त्या फाइलीची लिंक थेट उघडली, तर ती स्वतंत्र पान म्हणून उघडते आणि आतला प्रोग्राम त्याच साइटच्या नावाखाली चालतो. म्हणजे उद्या एखाद्याने आपल्या "फोटो"त लॉगिन चोरणारा तुकडा दडवला आणि लिंक पाठवली, तर बघणाऱ्याचं खातं धोक्यात येऊ शकतं. फाइल आधी गाळून घेता येते, पण ते जिकिरीचं काम आहे. विकिमीडिया कॉमन्स एसव्हीजी घेतं, स्क्रिप्ट असलेली फाइल नाकारतं आणि पानावर दाखवताना तिची पीएनजी करून दाखवतं. वर्डप्रेस मुळात एसव्हीजी घेतच नाही, वेगळं प्लगइन टाकावं लागतं.

दुसरी अडचण रोजच्या कामाची आहे. फोटो चढला की सर्व्हर त्याच्या लहान-मोठ्या प्रती काढतो, चौकोनी किंवा गोल कापतो. हे सगळं ठिपक्यांवर चालतं. कृतीवर ते करायचं तर आधी सर्व्हरनेच चित्र काढायला हवं, आणि त्यासाठी चित्रात वापरलेला फाँट त्याच्याकडे हवा.

आपल्याकडे खरी गंमत या फाँटपाशीच होते. समजा दांडियाबाजारातल्या एका मंडळाचं गोल चिन्ह आहे: मध्ये वडाचं पान, वर देवनागरीत मंडळाचं नाव, खाली गुजराती लिपीत गावाचं नाव. एसव्हीजीत अक्षरांचा आकार नसतो, "हा मजकूर, हा फाँट" एवढंच लिहिलेलं असतं. ज्या कॉम्प्युटरवर तो फाँट नाही तिथे दुसराच फाँट येतो, अक्षरं रुंद होतात आणि वर्तुळाबाहेर सांडतात. कधी नुसते रिकामे चौकोन दिसतात. मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर मंडळाच्या नावाजागी इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा चिवडा उमटतो, कारण फाइलीत मुळात तीच अक्षरं असतात. मराठी रूप त्यांना फक्त फाँट देतो.

म्हणून पहिला नियम: पीएनजी त्याच कॉम्प्युटरवर काढा जिथे चिन्ह बरोबर दिसतं. बहुधा तो चिन्ह काढणाऱ्या मुलाचाच असतो. एकदा ठिपके झाले की फाँटचा प्रश्न संपला.

आता प्रत्यक्ष कृती. इंकस्केप फुकट मिळतं, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. खाली दिलेली नावं 1.2 आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांतली आहेत.

1. मागे पांढरा चौकोन घाला. ही पायरी लोक गाळतात आणि मग पस्तावतात. पीएनजीची पार्श्वभूमी पारदर्शक राहू शकते, आणि चिन्हामागे काही नसेल तर ती तशीच राहते. तुमच्या पडद्यावर ते पांढऱ्या कागदावर ठीक दिसतं, पण साइटने त्याची जेपीजी केली की जेपीजीत पारदर्शकता नसल्यामुळे मागचा भाग पुष्कळदा काळा होतो आणि काळी अक्षरं त्यात बुडतात.

आपलं चिन्ह 50 मिलिमीटर व्यासाचं आहे असं धरू. `R` दाबून चौकोनाचं साधन घ्या, एक चौकोन ओढा आणि वरच्या पट्टीत एकक `mm` करून रुंदी व उंची दोन्ही 60 लिहा. खालच्या रंगपट्टीतल्या पांढऱ्यावर क्लिक करा. मग शिफ्ट दाबून धरून त्याच पट्टीतल्या लाल फुलीवर क्लिक करा, म्हणजे चौकोनाची कडेची रेघ जाईल. रेघ राहिली तर मापात तिची जाडी मिसळते आणि फोटोला भोवती चौकट येते. शेवटी `Object > Lower to Bottom` केलं की चौकोन सगळ्यांच्या मागे जातो. चिन्ह त्याच्या मधोमध आणा. सगळ्या बाजूंनी 5 मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. गोल कापणाऱ्या ठिकाणी कडेची अक्षरं याच जागेमुळे वाचतात.

2. फक्त तो चौकोन निवडा आणि `File > Export` उघडा. कीबोर्डवरून `Shift+Ctrl+E`. उजवीकडे खिडकी उघडते, तिच्यात `Single Image` या भागात `Selection` निवडा. म्हणजे चौकोनाच्या हद्दीत जे काही दिसतं तेवढंच निघेल. `Export Selected Only` वर खूण नको, नाहीतर नुसता कोरा पांढरा चौकोन हाती येईल. `Page` निवडण्याची सवय असेल तर ती इथे सोडा: ए-4 पानाच्या कोपऱ्यात बसलेलं चिन्ह त्या पर्यायात पानभर रिकाम्या जागेसकट निघतं.

3. रुंदीत 1200 लिहा. बाहेर पडलेल्या अंधूक फोटोंचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं. इंकस्केप इंचाला 96 ठिपके धरून चालतं, त्यामुळे काहीच न बदलता 60 मिलिमीटरचा चौकोन बाहेर काढला तर तो जेमतेम 227 ठिपके रुंद होतो. फोनच्या पडद्यावर तो ताणला की धुरकट दिसणारच. 1200 लिहिल्यावर `DPI` चा आकडा आपोआप 508 होतो, त्याची काळजी करू नका. पडद्यासाठी ठिपक्यांची संख्याच महत्त्वाची. हिशोब सोपा आहे: मिलिमीटरला 20 ठिपके, म्हणजे खुद्द चिन्ह 1000 ठिपके रुंद.

4. प्रकार `png` ठेवा, नाव द्या, `Export` दाबा. फाइलीचं नाव इंग्रजीत आणि मोकळी जागा न सोडता दिलेलं बरं. काही जुन्या अर्जप्रणाली देवनागरी नावावर अडतात.

कमांड लाइनची सवय असलेल्यांना हेच एका ओळीत करता येतं. पान त्या 60 मिलिमीटरच्या चौकोनाएवढंच असेल तरच वापरा:

```
inkscape chinha.svg --export-background=white --export-width=1200 --export-filename=chinha.png
```

मुद्रणालयातल्या माणसाकडे कोरलड्रॉ असतं, त्यातही `File > Export` मध्ये पीएनजी आहे. फाँटची काळजी मात्र तिथे दुप्पट घ्या, कारण तो कॉम्प्युटर तुमचा नाही. आणि चिन्ह पडद्यावर मोठं करून स्क्रीनशॉट घेण्याचा शॉर्टकट घाईच्या वेळी भागवतो खरा, पण तो पडद्याइतकाच बारीक असतो आणि कडा सरळ कापल्या जातील याची खात्री नसते.

फाइल चढवण्याआधी फोनवर पाठवून उघडा. बोटांनी मोठी करा आणि जोडाक्षरं बघा: "श्री" एकसंध आहे का, "ि" आपल्या अक्षराच्या आधीच बसली आहे का, अनुस्वार शिरोरेषेच्या वर आहे का. हलंत सुटा दिसत असेल तर फाँट बदलला गेला आहे, पायरी 1 च्या आधी जा. मग फोनची डार्क मोड चालू करून पुन्हा पाहा. चिन्हाभोवती पांढरा चौकोन स्वच्छ दिसला तर पार्श्वभूमी नीट बसली. अक्षरं काळ्यात गडप झाली तर चौकोन फोटोत आलाच नाही.

अर्जात "50 केबीपेक्षा कमी" अशी अट असेल तर तयार पीएनजी दाबत बसू नका. इंकस्केपमध्ये परत जाऊन रुंदीत 1200 ऐवजी 500 लिहा आणि नव्याने काढा. उलट दिशेनेही तेच: मोठी हवी असेल तर लहान पीएनजी ताणायची नाही, एसव्हीजीतून पुन्हा काढायची. म्हणून मूळ एसव्हीजी कधी पुसू नये.

मंडपाच्या कमानीवरच्या फ्लेक्ससाठी मात्र पीएनजी देऊच नका. तिथे एसव्हीजीच उपयोगाची, फक्त आधी तिची एक वेगळी प्रत करा, त्या प्रतीत सगळा मजकूर निवडून `Path > Object to Path` करा आणि ती पाठवा. अक्षरांचे आकार होऊन जातात, फ्लेक्सवाल्याकडे फाँट असो वा नसो. त्या प्रतीत पुढच्या वर्षीचा आकडा बदलता येणार नाही, तो मूळ फाइलीत बदलायचा.