शोल्डर प्रेस मारताना खांदा टोचतो? डेस्कवाल्यांनो, या चुका टाळा

नागपूरच्या मिहानमध्ये दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारा माझा एक मित्र दोन महिन्यांपासून कटिंगवर, म्हणजे चरबी उतरवायला कमी खाण्यावर आहे. परवा म्हणाला, "भाऊ, प्रेस मारताना उजवा खांदा टोचून राहिला, हात अर्ध्यावर आला की बस."

त्याचा सेट बघितला. हातात साडेबाराचे डंबेल, कोपरं एकदम बाजूला उघडी, आणि सातव्या रेपपासून छाती वर अन् कंबर कमानीसारखी वाकलेली. मग त्याला भिंतीला टेकवला, कंबर चिकटवून ठेव अन् हात सरळ वर ने म्हटलं. अंगठे भिंतीपासून वीतभर लांबच राहिले, आणि जबरदस्तीने टेकवायला गेला तर कंबर सुटली. म्हणजे हात डोक्यावर न्यायची जागा पाठीच्या वरच्या भागात नाहीच, ती तो कंबरेतून उसनी घेत होता. पाठ पुढे झुकलेली असली की खांद्याचं पातं नीट वर फिरत नाही, आणि मग जास्तीचा ताण खांद्याच्या सांध्यावर येतो. टेस्टमध्ये असं होत असेल तर सरळ बसून प्रेस मारायचा हट्ट सध्या सोडा.

आम्ही बेंच एक खाच मागे केला, म्हणजे साधारण ६५-७० अंश. तळवे एकमेकांसमोर, कोपरं बाजूला न ठेवता थोडी पुढे, जिथून डंबेल डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतात. वजन साडेसातवर आणलं. प्रेसच्या आधी टॉवेलची गुंडाळी पाठीखाली आडवी, पात्यांच्या खालच्या टोकाजवळ ठेवून ८-१० श्वास सावकाश, हात डोक्यामागे सोडून. याने पाठ कायमची बदलत नाही, पण त्या दिवशीचा प्रेस मोकळा होतो.

दुसरी चूक मला जास्त खटकते, कारण ती मेहनती लोकच करतात. खाणं कमी केलंय, झोप सहा तास, तरी जेवण वाढवलेलं असताना जे ५ सेट मारायचे तेच आताही, वरून "फॅट जळावं" म्हणून शेवटी हलक्या डंबेलने २५-३० रेप. चरबी कमी होते ती मुख्यतः खाण्यातल्या कमतरतेमुळे, खांद्याला जळजळ झाली म्हणून नाही. खांदा दुखत नसेल तर वजन तेच ठेवा अन् सेट कमी करा, आठवड्यात दोनदा ३-३ सेट पुष्कळ झाले, आणि कंबर वाकायला लागली की सेट तिथंच संपला समजा, पुढं रेप मोजू नका.

मित्राला तिसऱ्या आठवड्यात दहाचे डंबेल ३ सेट, ८-८ रेप न टोचता जमले. साडेबारा अजून दिले नाहीत, कारण साडेसातवरून दहा ही उडीच मोठी होती, आता १२ रेप स्वच्छ आल्यावरच वाढवणार.

पण रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, हात उचलायलाच जोर लागत नसेल किंवा बोटांपर्यंत मुंग्या येत असतील तर हे काहीच करत बसू नका, सरळ ऑर्थोपेडिकला दाखवा.