वाचनपाठाचं टाचण काढताना या चुका टाळा

वाचनपूर्व, वाचनादरम्यान आणि वाचनोत्तर असे तीन रकाने आखायचे आणि वरून खाली भरत जायचं, अशी बऱ्याच जणांची सवय असते. गडबड तिथेच सुरू होते. आधी उतारा स्वतः दोनदा वाचा आणि त्यात न लिहिलेली कोणती गोष्ट मुलांच्या लक्षात यायला हवी, ते ठरवा. तिन्ही टप्पे त्यावरून ठरतात. दुसरीच्या मुलांसाठी हा उतारा घेऊ:

‘मीनाने खिडकीतून वर पाहिलं. ती धावत अंगणात गेली आणि दोरीवरचे कपडे ओढून आणले. थोड्या वेळाने बाबा आले. त्यांनी बूट दाराबाहेरच काढले. आजीने त्यांच्या हातात टॉवेल दिला. “छत्री खुंटीलाच राहिली ना?” ती म्हणाली.’

यात पाऊस हा शब्द कुठेच नाही. तो मुलांनी ओळखायचा आहे.

सुरुवातीलाच उत्तर सांगून टाकणं

पूर्वज्ञान जागवायचं म्हणून पावसाचं चित्र दाखवलं, पावसाच्या गप्पा झाल्या, एखादं गाणंही झालं. मुलं खूश होतात, पण आता त्यांना उतारा वाचायचं कारणच उरत नाही. शिवाय चाळीस मिनिटांच्या तासातली पंधरा मिनिटं गेलेली असतात. ही चूक ओळखायची सोपी खूण म्हणजे, पुस्तक उघडण्याआधीच मुलं शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतात.

इथे पाच मिनिटं पुरतात. ‘मीना का धावली, हे उताऱ्यात लिहिलेलं नाही. ते शोधत वाचा,’ एवढा हेतू द्या. ज्या शब्दावाचून अर्थ अडेल तोच आधी सांगा. इथे तो ‘खुंटी’ असू शकतो. फळ्यावर चित्र काढलं की झालं. दहा शब्दार्थ लिहून घेतले तर मुलं शब्दांच्या यादीतच अडकतात. मात्र उतारा मुलांनी कधीच न पाहिलेल्या गोष्टीबद्दल असेल, समजा दीपगृहाबद्दल, तर ती माहिती आधी द्यायलाच हवी. वाचण्यासाठी लागणारी माहिती द्या. वाचून काढायचा निष्कर्ष देऊ नका.

एकेका वाक्याचं पाळीपाळीने प्रकट वाचन

यात प्रत्येक मूल आपलं वाक्य कोणतं येणार ते मोजत बसतं, आणि आपली पाळी झाली की सुटल्यासारखं करतं. आकलनाच्या पाठात मूकवाचन घ्या किंवा तुम्ही वाचून दाखवा, आणि थांबे दोनच ठेवा. दर वाक्याला थांबलात तर गोष्टीचा धागा तुटतो.

पहिला थांबा ‘ओढून आणले’ नंतर. ‘का आणले असतील?’ असं विचारा. पाऊस, वारा, अंधार, जे येईल ते फळ्यावर लिहा. इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ‘पाऊस’ ऐकताच ‘शाब्बास!’ म्हणणं. तेवढ्याने बाकीच्यांचा विचार तिथल्या तिथे थांबतो. सगळे अंदाज तसेच राहू द्या.

दुसरा थांबा ‘टॉवेल दिला’ नंतर. ‘आता कोणता अंदाज टिकतो?’ असं विचारा. अंधाराचा आणि टॉवेलचा संबंध लागत नाही, म्हणून तो मुलं स्वतःच खोडतात. कोणी म्हणेल, बाबांनी हात धुतले असतील. हे उत्तर चुकीचं ठरवू नका, कारण इथपर्यंतच्या मजकुरात ते बसतं. ‘पुढचं वाक्य वाचून बघू,’ म्हणा. छत्रीचा उल्लेख आला की मूल आपणहून अंदाज बदलतं. वाचताना अंदाज तपासून बदलणं हेच या टप्प्यावर शिकवायचं असतं.

उताऱ्यातून उचलता येणारे प्रश्न

‘टिंबूने झुबकी फळकली.’ टिंबूने काय फळकली? झुबकी. उत्तर बरोबर, आणि अर्थाचा पत्ता नाही! ‘मीनाने काय ओढून आणलं?’ हा प्रश्नही याच जातीचा आहे. असा एखादा प्रश्न सुरुवातीला चालेल, पण सगळेच तसे असतील तर वह्या भरतात आणि आकलन कळत नाही. त्याऐवजी विचारा: ‘बाबा भिजले होते हे कोणत्या दोन गोष्टींवरून कळतं?’ आणि मुलांना त्या वाक्यांखाली रेघ मारायला सांगा.

उत्तरांतून अडचण कुठे आहे ते दिसतं. मूल ‘पाऊस’ म्हणतं पण वाक्य दाखवू शकत नसेल, तर त्याने बहुधा शेजाऱ्याचं ऐकलं आहे. त्याला पुन्हा उताऱ्याकडे न्या. सगळा क्रम नीट सांगतं पण ‘का’ला अडतं, त्याला दोन वाक्यं शेजारी ठेवून जोडायचा सराव द्या. आणि जे काहीच सांगू शकत नाही, त्याला तोच उतारा वाचून दाखवा. ऐकून समजलं, तर अडचण अक्षरं जुळवून वाचण्यात आहे. त्याचा सराव वेगळ्या वेळी घ्या, आणि तोवर आकलनाच्या पाठात त्याला ऐकून उत्तर द्यायची मुभा ठेवा.