झोपेची गोळी आणि सकाळची गाडी : हिशेब कसा करावा

धंतोलीत औषधांचे दुकान चालवताना आठवड्यातून एकदा तरी ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "मेलाटोनिन आणि झोल्पिडेम एकच ना, जे असेल ते द्या." ही दोन औषधे एक नाहीत, आणि हा गैरसमज दूर केल्याशिवाय पुढचे काहीही सांगण्यात अर्थ नाही.

मेलाटोनिन हे गुंगीचे औषध नव्हे. रात्र झाली असे शरीराला कळवणारे ते संप्रेरक आहे. ज्याला दोन वाजेपर्यंत झोप येत नाही, पण एकदा लागली की सलग लागते, त्याला त्याचा काही उपयोग होऊ शकतो. दोन ते तीन मिलिग्रॅम, झोपण्याच्या एक-दोन तास आधी, आणि दिवे मंद करून घ्यावे. अंथरुणात पडल्यावर घेतले तर इशारा उशिरा पोहोचतो. दहा मिलिग्रॅमच्या गोळीने झोप अधिक चांगली लागत नाही, सकाळचे डोके मात्र जड होऊ शकते. तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही तर बंद करावे. गोळी घेतल्यावर त्या रात्री पुन्हा गाडीची किल्ली हातात घेऊ नये.

झोल्पिडेम हे खरे झोपेचे औषध असून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. त्याची नोंद आम्हाला वेगळ्या वहीत ठेवावी लागते. त्याचा कालावधी काही दिवस ते दोन आठवडे असावा, आणि बंद करण्याचे दिवस धरूनही चार आठवड्यांपुढे जाऊ नये. सहा महिन्यांपूर्वीची चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला मी परत पाठवतो, मग तो कितीही ओळखीचा असो.

आता अवघड भाग, जिथे मी स्वतः चुकलो. काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला दहा मिलिग्रॅम झोल्पिडेम दिले होते. एका रात्री साडेबारापर्यंत झोप आली नाही, तेव्हा गोळी घेतली, आणि पहाटे पाचला उठून पत्नीसह शिवमडक्याहून समृद्धी महामार्गाला लागलो. मला अगदी ताजेतवाने वाटत होते. वर्धा जिल्ह्याची हद्द कधी लागली हे मला आठवत नाही. पत्नीने हात धरून हलवले, तेव्हा गाडी डावीकडची पिवळी रेषा ओलांडून कडेला सरकत होती. सरळ, रिकामा रस्ता आधीच डोळ्यांवर झापड आणतो. त्यात गोळी उरलेली असेल तर माणूस झोपतो असेही नाही, त्याची प्रतिक्रिया मंदावते आणि ते त्याला स्वतःला कळत नाही. म्हणून "मला बरे वाटते" ही कसोटी मी ग्राह्य धरत नाही.

कसोटी घड्याळाची असावी. रक्तातील झोल्पिडेम निम्मे व्हायला साधारण अडीच तास लागतात. म्हणजे पाच तासांनी अंदाजे चौथा हिस्सा उरतो. मी साडेपाचच्या सुमारास स्टिअरिंगवर बसलो, तेव्हा माझ्या अंगात अंदाजे अडीच मिलिग्रॅमच्या गोळीइतका अंमल शिल्लक होता. स्त्रियांच्या शरीरातून हे औषध आणखी सावकाश बाहेर पडते. दहा मिलिग्रॅमनंतर आठ तासांनीही सुमारे १५ टक्के स्त्रियांच्या आणि ३ टक्के पुरुषांच्या रक्तात गाडी चालवण्यास बाधक ठरेल इतके प्रमाण आढळले, म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्त्रियांसाठी मात्रा पाच मिलिग्रॅमवर आणली. वृद्धांसाठीही पाचच योग्य. सावकाश विरघळणारी, 'सीआर' अक्षरे असलेली गोळी घेतली असेल तर दुसऱ्या दिवशी गाडी चालवूच नये. तिचे तुकडेही करू नयेत.

म्हणून हिशेब उलटा करावा. सकाळी सातला निघायचे असेल तर आठ तास मागे जाऊन रात्री अकराला गोळी पोटात गेलेली असली पाहिजे. अकरा टळले तर त्या रात्री गोळी नाही, किंवा सकाळी गाडी नाही. मध्यरात्री जाग आली म्हणून दुसरी गोळी घेणे तर सर्वांत वाईट. भरपेट जेवणानंतर लगेच घेतली तर अंमल उशिरा सुरू होतो आणि सगळा हिशेब पुढे सरकतो. त्या संध्याकाळी दारूचा थेंबही नको. झोपेत उठून स्वयंपाकघरात गेल्याचे किंवा दार उघडल्याचे घरच्यांनी सांगितले तर पुढची गोळी घेऊ नये आणि डॉक्टरांना कळवावे.

बंद करताना मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी. गोळी सुटल्यानंतरच्या एक-दोन रात्री झोप पूर्वीपेक्षाही बिघडते. लोक त्याला मूळचा आजार परतला असे समजून पुन्हा दुकानात येतात, पण तो गोळी सुटल्याचाच परिणाम असतो आणि सहसा ओसरतो. त्या रात्रींनंतरची सकाळही गाडीसाठी चांगली नसते, म्हणून शेवटची गोळी मी गुरुवारी घ्यायला सांगतो. शनिवार-रविवारी सुट्टी असलेल्या माणसाला सोमवारपर्यंत गाडीला हात लावावा लागत नाही, आणि शुक्रवारी कामावर जायला मेट्रो आहेच.