स्लाइडवरचे बाण, इमोजी आणि ‘४८ → ६०’

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या पॅकहाउसमध्ये, बागायतदारांच्या संस्थेत किंवा कृषी प्रशिक्षणाच्या कामावर नव्याने लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. पॉवरपॉइंट तुम्हाला येतं, मुद्दे कसे मांडायचे तेही येतं. मला सांगायचं आहे ते बाण, इमोजी आणि उद्गारचिन्ह या बारीक चिन्हांबद्दल. आधी बाणाचं सांगते, कारण घात तिथे होतो.

हंगामी कामगारांच्या प्रशिक्षणासाठी मला एका सीनियरची तयार फाइल मिळाली होती. त्यातली एक स्लाइड अशी होती:

गरम पाण्याची प्रक्रिया 🔥🔥
४८° → ६० !!!
चीक → डाग 😡
धुणं → गरम पाणी → पॅकिंग 👍

युरोपला जाणारा हापूस ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटं ठेवायचा असतो. फळमाशीची अंडी-अळ्या मराव्यात म्हणून ही प्रक्रिया करतात. फळमाशीमुळेच २०१४ साली युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली होती आणि ती २०१५ मध्ये उठली. पॅकहाउसमध्ये जुन्या माणसांना हे तोंडपाठ असतं. पण त्या दिवशी टाकीवर नव्यानेच लागलेल्या काकांनी विचारलं, “ताई, म्हणजे पाणी अठ्ठेचाळीसावरून साठावर न्यायचं काय?”

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. बाणाच्या डावीकडे एक आकडा, उजवीकडे त्याहून मोठा आकडा. असं दिसलं की कोणीही ‘इथून तिथपर्यंत वाढवा’ असंच वाचणार. ६० अंशांच्या पाण्यात हापूसची साल भाजते, आतला गर खराब होतो आणि माल फेकावा लागतो. काकांनी विचारलं म्हणून बरं. न विचारता मान डोलावणारेच जास्त असतात.

आता तीच स्लाइड परत वाचा. शीर्षकाखालच्या पहिल्या ओळीत बाण म्हणजे ‘इतका वेळ’. दुसरीत तो ‘यामुळे हे होतं’ असं सांगतो. तिसरीत ‘यानंतर हे’. एका स्लाइडवर एका चिन्हाचे तीन अर्थ झाले. बनवणाऱ्याला ते जाणवत नाही, कारण अर्थ त्याला आधीच ठाऊक असतो. वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीवर अंदाज बांधावा लागतो. म्हणून मी एक नियम पाळते: संपूर्ण सादरीकरणात बाणाला एकच अर्थ, आणि तो म्हणजे कामाचा क्रम. कारण सांगायचं असेल तर ‘मुळे’ लिहा. वेळ सांगायची असेल तर ‘मिनिटं’ लिहा. दोन आकड्यांच्या मध्ये बाण कधीही नको. आडवी रेघही नको, कारण ‘४८-६०’ हे ‘४८ ते ६०’ असंच वाचलं जातं. आकड्याला त्याचं एकक चिकटलेलं असलं की गोंधळाला जागा उरत नाही.

मी स्लाइड अशी केली:

हापूस: गरम पाण्याची प्रक्रिया
पाणी ४८ अंश सेल्सिअस. फळं पाण्यात ६० मिनिटं.
तापमान वर-खाली झालं, तर लगेच सुपरवायझरना सांगा.
चिकामुळे सालीवर डाग पडतात, म्हणून चीक निथळू द्या.
क्रम: धुणं → गरम पाणी → सुकवणं → पॅकिंग

शब्द वाढले, हे खरं. ‘कमीत कमी शब्द’ या सल्ल्याचा आपल्याकडे फार उदोउदो होतो. ज्या स्लाइडवर माणसाला हाताने काम करायचं असतं तिथे तो सल्ला मला मान्य नाही. पूर्ण वाक्य लिहा.

बाणाची एक तांत्रिक खोडही आहे. आपण घाईत `-->` टाइप करतो आणि पॉवरपॉइंट आपणहून त्याचा बाण करतो. तो बाण बहुधा Wingdings या फाँटमधलं अक्षर असतो. पुढे कोणी सगळा मजकूर निवडून मराठी फाँट लावला, की बाणाच्या जागी `à` उमटतं. तुमच्या फाइलमध्ये मध्येच असं परकं अक्षर दिसलं तर कारण हेच समजा. `:)` लिहून आलेल्या हसऱ्या चेहऱ्याचंही असंच `J` होतं. ही सोय `File > Options > Proofing > AutoCorrect Options` मध्ये `AutoFormat As You Type` या टॅबवर बंद करता येते. बाण हवाच असेल तेव्हा `Insert > Symbol` मधून कोड `2192` चा घ्या. तो खरा युनिकोड बाण असतो, फाँट बदलला तरी बाणच राहतो.

इमोजीबद्दल माझं मत ठाम आहे. स्वागताच्या स्लाइडवर एक 🙏 शोभतो, आपल्या माणसांना तो आपलासा वाटतो. पण सूचना, पैसे, कपात आणि अपघात यांच्या शेजारी एकही इमोजी नको. ‘उशीर झाल्यास अर्धा दिवस कापला जाईल 😊’ हे वाचून ज्याचा अर्धा दिवस जाणार आहे त्याला ते कुचकट वाटतं, लिहिणाऱ्याच्या मनात तसं नसलं तरी. ‘चीक → डाग 😡’ मध्ये तर कोणीतरी आपल्यावर डाफरतं आहे असा भास होतो, आणि मग डागाविषयी प्रश्न विचारायला कोणी पुढे येत नाही.

🟢 आणि 🔴 वापरून ‘बरोबर’ आणि ‘चूक’ दाखवू नका. स्लाइडची झेरॉक्स काढून टाकीजवळ चिकटवली जाते, आणि काळ्या-पांढऱ्यात दोन्ही गोळे करडे दिसतात. शिवाय लाल-हिरवा रंग नीट न ओळखता येणारी माणसं प्रत्येक गटात असू शकतात. ‘चालेल’ आणि ‘चालणार नाही’ असं लिहा. जुन्या लॅपटॉपवर नवी इमोजी नुसता चौकोन म्हणून उमटते, तेव्हा सादरीकरणाच्या आधी त्याच हॉलमधल्या यंत्रावर फाइल एकदा उघडून बघा.

मग स्लाइड रुक्ष होईल, अशी भीती नव्यांना वाटते. मलाही वाटायची, खूप वाटायची. ती भीती सोडा. मराठीत आपुलकी क्रियापदातच असते. ‘हातमोजे घालावेत’ ही नोटीस झाली. ‘हातमोजे घाला!!!’ हा दम झाला. ‘हातमोजे घालून फळ उचला’ हे शेजारी उभं राहून सांगितल्यासारखं आहे, आणि ‘आधी वजनकाटा तपासूया’ यात तुम्हीही कामात सामील होता. साधा पूर्णविराम पुरतो. तीन टिंबांपासून मात्र सांभाळा: ‘वेळेवर यावे...’ यात टोमणा ऐकू येतो. ‘सकाळी ८ ला या’ यात येत नाही.

उद्गारचिन्ह मी पूर्ण सादरीकरणात एका ठिकाणी राखून ठेवते, जिवाला धोका असेल तिथे: ‘हीटर चालू असताना टाकीत हात घालू नका!’ बाकी कुठेच ते नसल्यामुळे या ओळीवर नजर थांबते.

सीनियरची फाइल मिळाली तर घ्या, त्यातली माहिती मोलाची असते. पण चिन्हं मात्र सगळी काढून टाका आणि मग एकेक ओळ मोठ्याने वाचा. बाण ज्या ठिकाणी होता तिथे तुमच्या तोंडून कोणता शब्द आला ते ऐका, ‘मग’, ‘मुळे’, ‘इतका वेळ’ किंवा ‘पर्यंत’. तोच शब्द तिथे लिहा. ‘मग’ आला असेल तरच बाण परत ठेवा. त्यानंतर ती स्लाइड पॅकिंगला बसणाऱ्या एखाद्या ताईंना दाखवा आणि ‘यात काय करायला सांगितलंय?’ एवढंच विचारा. ‘कळलं का?’ असं विचारू नका, त्याला सगळे ‘हो’च म्हणतात.